मुलांचा मोबाइल राउटरवरून थांबवणं आणि रोजच्या इंटरनेटला वेळ लावणं: पायरीपायरीने

राउटरला तुमचा मुलगा ओळखू येत नाही, त्याला फक्त उपकरणाचा मॅक अॅड्रेस दिसतो. म्हणजे प्रत्येक मोबाइल, टॅब किंवा टीव्ही वाय-फायला जोडला गेला की जो बारा आकडी-अक्षरी क्रमांक सांगतो, तो. राउटर तो क्रमांक थांबवतो. मोबाइलने दुसरा क्रमांक सांगितला की राउटरच्या लेखी तो वेगळाच पाहुणा, आणि लावलेली वेळ त्याला लागू होत नाही. सगळं नीट लावूनही पोरगं रात्री अकराला व्हिडिओ बघताना सापडतं, ते बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून या लेखातला मोठा भाग ओळख पक्की करण्यावर आहे. वेळ लावायचं काम त्यानंतर दहा मिनिटांचं.

उदाहरणाला राजारामपुरीतल्या एका फ्लॅटसारखं घर घेऊ. फायबर देणाऱ्याने बसवलेला डबा, त्याला जोडलेला टीपी-लिंक आर्चर सी6 राउटर, घरात आई-बाबा, आजी आणि सातवीतला मुलगा. मुलाकडे स्वतःचा अँड्रॉइड फोन आहे, अभ्यासाचा एक टॅब आहे, हॉलमधला स्मार्ट टीव्ही सगळ्यांचा. ठरलेला नियम असा: सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवार-रविवार तीन तास, आणि शाळेच्या आदल्या रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा इंटरनेट बंद. तुमचा राउटर दुसऱ्या कंपनीचा असला तर मेनूची नावं थोडी बदलतील, क्रम हाच राहील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- राउटरचा अॅडमिन पासवर्ड. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. टीपी-लिंकवर तो पहिल्यांदा सेटिंग करताना ज्याने ठरवला त्याच्याकडे असतो; फायबरच्या डब्याचा बहुतेक वेळा डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो.
- मुलाचा फोन आणि टॅब, दोन्ही अनलॉक केलेले, पंधरा मिनिटं तुमच्या हातात.
- PPPoE चं, म्हणजे राउटर केबलवाल्याच्या जाळ्यात ज्याने लॉगिन होतो त्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड. केबलवाल्याला फोन करून आधीच लिहून घ्या. राउटर चुकून रीसेट झाला तर याच्याशिवाय घरातलं नेट परत येत नाही, आणि रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलेलच असं नाही. तुमच्या जोडणीत PPPoE नसेल तर तो तेही सांगेल.
- कागद-पेन. मॅक अॅड्रेस डोक्यात राहत नाहीत.

1. घरात वाय-फाय नेमकी किती, ते मोजा

फायबरचा डबा स्वतःही वाय-फाय देतो. त्याला आपला राउटर जोडला की घरात दोन वेगवेगळी वाय-फाय चालू राहतात, आणि नियम मात्र एकाच डब्यावर लागतात. मुलाचा फोन पूर्वी फायबरच्या डब्याच्या वाय-फायला जोडलेला असेल तर त्याला पासवर्ड पाठ असतो. राउटरवर थांबवलं की फोन आपोआप त्या डब्याच्या वाय-फायवर उडी मारतो. मुलाला काही करावंही लागत नाही.

फोनच्या वाय-फाय यादीत आपल्या घरातली नावं बघा. फायबरच्या डब्याचं वाय-फाय बंद करा. डब्याच्या पानावर `192.168.1.1` किंवा स्टिकरवर लिहिलेल्या पत्त्याने जाता येतं. जमत नसेल तर केबलवाल्याला सांगा, तो त्याच्याकडून बंद करून देतो. बंद करायचं नसेल तर निदान त्याचा पासवर्ड बदला.

वरच्या मजल्यावर सिग्नल जावा म्हणून रिपीटर लावला असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बरेच रिपीटर आपल्यामागच्या फोनचा मॅक अॅड्रेस बदलून राउटरला सांगतात. मग तोच फोन हॉलमध्ये एका क्रमांकाने आणि वरच्या खोलीत दुसऱ्या क्रमांकाने दिसतो. दोन्ही ठिकाणी उभं राहून यादी बघा आणि दोन्ही क्रमांक टिपून घ्या.

2. फोनची ओळख पक्की करा

अँड्रॉइड 10 पासून बहुतेक फोन खरा मॅक अॅड्रेस सांगत नाहीत. प्रत्येक वाय-फाय नावासाठी एक बनावट क्रमांक तयार करतात. आयफोनमध्ये हे आयओएस 14 पासून आहे. बाहेरच्या वाय-फायवर ही सोय चांगली, कारण कुणाला तुमचा माग काढता येत नाही. घरी मात्र हीच आडवी येते.

इथेच आणखी एक गुंता होतो. राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झची नावं वेगळी असतील, म्हणजे एक साधं नाव आणि दुसऱ्याच्या शेवटी `_5G`, तर एकच फोन दोन बनावट क्रमांकांनी येतो. यादीत फोन दोनदा दिसला तर घाबरू नका, दुसरा फोन लपवलेला नसतो.

बनावट क्रमांक ओळखायची सोपी खूण आहे. क्रमांकातलं दुसरं अक्षर बघा. ते `2`, `6`, `A` किंवा `E` असेल तर तो बनावट.

```
A6:3F:11:0C:7B:52   दुसरं अक्षर 6, बनावट
C8:3F:11:0C:7B:52   दुसरं अक्षर 8, खरा
```

आता मुलाचा फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असताना त्या वाय-फायच्या नावाशेजारच्या गिअरच्या चिन्हावर जा. अँड्रॉइडवर `Privacy` मध्ये `Use device MAC` निवडा. सॅमसंगवर `MAC address type` मध्ये `Phone MAC`. आयफोनवर वाय-फायच्या नावाशेजारचा `i` दाबून `Private Wi-Fi Address` बंद करा. फोन क्षणभर तुटून परत जोडला जातो, आता खऱ्या क्रमांकाने. टॅबवर हेच करा. हा बदल फक्त घरच्या नावापुरता राहतो, बाहेरच्या वाय-फायवर फोन पूर्वीसारखाच लपून राहतो.

नावं वेगळी असतील तर दोन्ही नावांवर हे करायचं. किंवा राउटरमध्ये `Smart Connect` असेल तर ते चालू करून दोन्हींचं एकच नाव करून टाका.

3. राउटरचं घड्याळ बघा

वेळेचे नियम राउटरच्या घड्याळावर चालतात, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर नाही. `tplinkwifi.net` किंवा `192.168.0.1` उघडून लॉगिन करा. `Advanced` मध्ये `System Tools` किंवा `System` आणि त्यात वेळेचं पान आहे. तिथे टाइम झोन `GMT+05:30` आहे का आणि वेळ इंटरनेटवरून घेतली जाते आहे का, ते पाहा. झोन चुकून `GMT` राहिला असेल तर साडेनऊची बंदी रात्री तीनला सुरू होते आणि मुलाचं सकाळच्या क्लासचं नेट बारा वाजेपर्यंत बंद राहतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला तर दोष इथेच आहे हे समजा.

वीज गेल्यावर राउटरचं घड्याळ मागे जातं आणि इंटरनेट लागल्यावरच सुधारतं. पावसाळ्यात वारंवार लाइट जाणाऱ्या भागात राउटर छोट्या बॅटरीच्या यूपीएसवर असला तर हा प्रश्न मिटतो.

4. प्रोफाइल तयार करा

`Parental Controls` उघडा, `Add` दाबा. नाव द्या, मग `Devices` मधून मुलाचा फोन आणि टॅब निवडा. यादीतली नावं फसवी असतात, मॉडेलचा नुसता क्रमांक दिसतो. कागदावरच्या मॅक अॅड्रेसशी जुळवूनच निवडा. एकाच कंपनीचे दोन फोन घरात असले की चुकून बाबांचाच फोन प्रोफाइलमध्ये जातो, आणि साडेनऊला बाबांची ऑफिसची मीटिंग तुटते.

हॉलमधला टीव्ही मुलाच्या प्रोफाइलमध्ये टाकू नका. टाकलात तर साडेनऊला आजींची मालिका बंद पडेल आणि दुसऱ्या दिवशी सगळा नियमच गुंडाळला जाईल. टीव्हीवरचं मुलाचं बघणं तोंडी ठरवा. वेळच लावायची असेल तर टीव्हीचं वेगळं प्रोफाइल करा आणि फक्त अकरानंतर बंद ठेवा.

टॅबचा निर्णय जरा विचार करून घ्या. आपल्या उदाहरणात रोज क्लासचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ टॅबवर बघायचा असतो. राउटरला अभ्यास आणि गेम यांतला फरक कळत नाही. टॅब त्याच प्रोफाइलमध्ये आणि मर्यादा दीड तास असली तर खेळायला पन्नास मिनिटंच उरतात, आणि मुलाला अभ्यासच शिक्षा वाटायला लागतो. त्यापेक्षा टॅबचं प्रोफाइल वेगळं करा: त्याला वेळमर्यादा नाही, फक्त रात्रीची बंदी. टॅबवर गेम ठेवू नका. फोनला दीड तास.

5. रोजची वेळ आणि रात्रीची बंदी लावा

`Time Limits` म्हणजे दिवसभरात एकूण किती वेळ. `Bed Time` म्हणजे अमुक ते अमुक वाजेपर्यंत पूर्ण बंद. दोन्ही लावा, कारण एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. फक्त दीड तासाची मर्यादा लावली तर मुलगा दिवसभर हात न लावता ती रात्री अकरानंतर वापरू शकतो. फक्त रात्रीची बंदी लावली तर शाळेतून आल्यापासून साडेनऊपर्यंत मोकळं रान.

`Time Limits` मध्ये सोमवार ते शुक्रवार दीड तास, शनिवार-रविवार तीन तास निवडा. `Bed Time` मध्ये शाळेच्या रात्री म्हणजे रविवार ते गुरुवार, सोमवार ते शुक्रवार नव्हे. शुक्रवारची रात्र सुट्टीच्या आदली, रविवारची शाळेच्या आदली. हा घोळ सर्रास होतो आणि मग सोमवारी सकाळी मुलगा उठत नाही. `Save` दाबल्याशिवाय पान सोडू नका.

दीड तास कशाचा मोजला जातो, हेही माहीत असू द्या. बऱ्याच राउटरना पडद्याकडे कोण बघतंय ते कळत नाही, फोनवरून डेटा वाहतोय एवढंच कळतं. फोन टेबलावर पडलेला असताना मागे अॅप अपडेट होत असतील, फोटो चढत असतील, तरी वेळ खर्ची पडू शकतो. "मी हातसुद्धा लावला नाही आणि वेळ संपली" अशी तक्रार आली तर मुलाला खोटं पाडण्याआधी हे तपासा. एका दुपारी फोन चालू ठेवून बाजूला ठेवा, तासाभराने उरलेली वेळ बघा. कमी झाली असेल तर फोनमधले आपोआप होणारे अपडेट मोठ्यांनी हाताने करायचे ठरवा, किंवा मर्यादाच अर्धा तास वाढवा.

काही नव्या राउटरवर प्रोफाइल आणि थांबवणं फुकट असतं, पण रोजची वेळमर्यादा महिन्याचे पैसे भरल्यावर मिळते. दुकानात राउटर घेण्याआधी हे विचारा. फायबरच्या डब्यात तर बहुधा रोजच्या तासांची मर्यादा नसतेच, फक्त वेळापत्रक असतं.

वेळापत्रकवाल्या डब्यावर दोन खाचखळगे आहेत. काही डबे 21:30 ते 06:30 अशी मध्यरात्र ओलांडणारी वेळ घेत नाहीत. तिथे दोन नियम लिहायचे:

```
रवि ते गुरु    21:30 - 23:59
सोम ते शुक्र   00:00 - 06:30
```

दुसऱ्या ओळीत वार एकाने पुढे सरकले आहेत ते बघा, कारण बारानंतर नवा दिवस सुरू होतो. दुसरी खाच अशी की काही डब्यांवर लिहिलेली वेळ म्हणजे "या वेळेत बंद" आणि काहींवर "फक्त या वेळेत चालू". उलट लागलं तर दिवसभर नेट बंद आणि रात्री चालू असं चित्र दिसतं. नियम लावताना आत्ताच्या वेळेपासून दहा मिनिटांचा तुकडा लावून बघा, लगेच कळतं.

6. लगेच थांबवायचं असेल तेव्हा

तुमच्या फोनवर टीपी-लिंकचं टेदर अॅप घेतलं असेल तर मुलाच्या प्रोफाइलवर जाऊन थांबवायचं चिन्ह दाबायचं, की प्रोफाइलमधली सगळी उपकरणं एकदम थांबतात. ब्राउझरमधूनही तेच करता येतं. परत चालू करेपर्यंत ते थांबलेलंच राहतं, म्हणून जेवणापुरतं थांबवलं असेल तर जेवणानंतर चालू करायचं तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.

थांबवल्यावर फोनवरचं वाय-फायचं चिन्ह जात नाही. जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही, एवढंच फोन सांगतो. चालू असलेला व्हिडिओ आधी उतरलेला भाग संपेपर्यंत थोडा वेळ पुढे चालतो, आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेले व्हिडिओ तर चालतच राहतात. बंद झालं की नाही ते बघायला नवीन पान उघडा.

ऑनलाइन गेमचं मात्र क्षणात तुटतं. टीमच्या गेममध्ये सामना अर्धवट सोडला म्हणून गेमकडून शिक्षाही होते, आणि मग राग तुमच्यावर निघतो. "दहा मिनिटांत बंद करतोय, नवा सामना सुरू करू नकोस" एवढं आधी सांगा आणि बरोबर दहा मिनिटांनीच दाबा.

7. मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉट

वाय-फायला इंटरनेट नाही हे कळलं की अँड्रॉइड फोन स्वतःहून सिमच्या डेटावर जातो. रोजच्या 1.5 किंवा 2 जीबीच्या पॅकवर तासन्‌तास व्हिडिओ निघतो. मुलाच्या फोनमध्ये डेटा असलेलं सिम असेल तर राउटरवरची सगळी मेहनत पाण्यात. दोनच उपाय आहेत: सिमचं रिचार्ज फक्त बोलण्यापुरतं ठेवा, किंवा फोनवरच गुगल फॅमिली लिंक लावून तिथेही दीड तासच ठेवा. आयफोनवर हे काम स्क्रीन टाइम करतं.

आजींच्या फोनचा हॉटस्पॉट हा दुसरा रस्ता. आजी नातवाला नाही म्हणत नाहीत, आणि कशासाठी मागतोय हे त्यांना कळतही नाही. त्यांच्या फोनमधला हॉटस्पॉटचा पासवर्ड बदला आणि त्यांना शांतपणे समजावून सांगा.

8. नव्या क्रमांकाला दार बंद करा

दुसऱ्या पायरीतली ओळख मुलगा फोनच्या सेटिंगमधून दोन टॅपमध्ये उलटवू शकतो, आणि वर्गातल्या मुलांकडून हे त्याला कळतंच. त्यावर पक्का उपाय म्हणजे माहीत नसलेल्या क्रमांकाला इंटरनेटच द्यायचं नाही. आर्चर सी6 वर `Advanced`, `Security`, `Access Control` इथे `Whitelist` असतं.

इथे क्रम चुकला तर तुम्हीच बाहेर राहाल. आधी तुमचा फोन किंवा लॅपटॉप यादीत घाला, मग घरातली बाकीची सगळी उपकरणं, टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरा, प्रिंटर, आणि शेवटी चालू करा. आई-बाबांच्या फोनचा बनावट मॅकही घरच्या वाय-फायवर बंद करा, नाहीतर एखाद्या दिवशी त्यांचा क्रमांक बदलला की त्यांचंच नेट जाईल. पाहुणे आले की त्यांचा फोन तात्पुरता यादीत घालावा लागतो. सणासुदीला हे त्रासाचं आहे, पण मुलगा फोनमधला क्रमांक बदलत असल्याचं दिसलं असेल तर दुसरा मार्ग नाही. दिसलं नसेल तर ही पायरी सोडून दिली तरी चालेल.

9. चाचणी करा आणि सेटिंग जपून ठेवा

मुलाच्या फोनचा मोबाइल डेटा बंद करा, प्रोफाइल थांबवा, नवीन पान उघडा. उघडलं नाही तर बरोबर. मग राउटरचं बटण बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि थांबवलेलं अजून थांबलेलंच आहे का बघा. उरलेली वेळही बघा. राउटर बंद-चालू केल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होत असेल तर मुलाला प्लगचा शोध लागायला आठवडाही लागत नाही. तसं असेल तर राउटर उंचावर किंवा कपाटात, पण हवा लागेल असा ठेवा.

`Backup & Restore` मधून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. राउटरच्या मागच्या रीसेटच्या छिद्रात टाचणी घालून साधारण दहा सेकंद दाबली की सगळे नियम पुसले जातात. असं झालं की ओळखणं सोपं आहे: वाय-फायचं नाव बदलून स्टिकरवरचं होतं आणि घरातल्या सगळ्यांचंच नेट जातं. फाइल असेल तर पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं. नसेल तर केबलवाल्याकडून लिहून घेतलेला PPPoE चा कागद काढायचा आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात.

अॅडमिन पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, आणि टेदर अॅप मुलाच्या हातात पडणाऱ्या फोनवर लॉगिन करून ठेवू नका. आठवड्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. दुसरं अक्षर `2`, `6`, `A` किंवा `E` असलेला एखादा नवा क्रमांक रात्री साडेनऊनंतर दिसला, तर आधी मुलाच्या फोनचं `Privacy` पान बघा, मग घरात कुणी पाहुणा आहे का ते विचारा.